रेषेच्या अलीकडे, रेषेच्या पलीकडे

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी काचीगुड्यातील आमच्या शेजारच्या वहिनी आपल्या भाच्याला सोबत घेऊन आमच्याकडे आल्या. मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, अभ्यासात हुशार आहे आणि वागण्यातही शालीन आहे. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हा म्हणतो, मी जुगार खेळत नाही, ऑप्शनचा व्यवहार करतो. आम्हांला त्यातले काही कळत नाही. तुम्ही जरा पाहता का?" मुलाने मोबाईल पुढे केला. पडद्यावर एक रेघ थरथरत वरखाली होत होती. खाली एक हिरवे आणि एक लाल बटण होते. एका मिनिटानंतर सोन्याचा भाव आताच्यापेक्षा वर असेल की खाली असेल, एवढेच सांगायचे. बरोबर आले तर शंभराचे एकशे ऐंशी, चुकले तर शंभर गेले.

त्या दुपारी आम्ही त्याच्याशी जे बोललो, तेच या सदरातून वाचकांपुढे मांडावे असे वाटले. असे ॲप आता घरोघरच्या तरुणांच्या खिशात शिरले आहे, आणि ते ज्या नावाने शिरले आहे ते नाव अगदीच खोटे नाही. ऑप्शन नावाची वस्तू खरोखर आहे. तिचे 'बॅरिअर' आणि 'डिजिटल' हे प्रकारही खरे आहेत. मोठ्या बँका आणि कंपन्या ते वापरतात. म्हणून आधी खरी वस्तू समजून घ्यावी, मग तिच्या नावावर काय विकले जाते ते पाहावे, असा क्रम आम्ही धरला.

वहिनींच्या घरी पुढे लग्न आहे, तेव्हा उदाहरण सोन्याचेच घेतले. हिशेबाच्या सोयीसाठी दहा ग्रॅमचा भाव एक लाख रुपये धरू. समजा, चारकमानीतील एखाद्या सराफाला आपण म्हटले, "तीन महिन्यांनी लग्न आहे. त्या दिवशी भाव कितीही असो, मला लाखालाच सोने द्यायचे. या शब्दाबद्दल तुम्हांला आज दोन हजार रुपये देतो; मी सोने घेतले नाही तरी ते परत मागणार नाही." सराफाने मान्य केले, की झाला ऑप्शन. आपल्याला घेण्याचा हक्क आहे, घेण्याची सक्ती नाही. ते दोन हजार म्हणजे त्या हक्काची किंमत. विसारासारखेच, पण परत न मिळणारे.

तीन महिन्यांनी भाव एक लाख दहा हजार झाला, तर आपले दहा हजार वाचले आणि दोन हजार वजा जाता आठ हजारांचा फायदा झाला. भाव एक लाख पाच हजार झाला, तर फायदा तीन हजारांचा. भाव अठ्ठ्याण्णव हजारांवर उतरला, तर आपण हक्क सोडून द्यावा आणि बाजारातून स्वस्त सोने घ्यावे. नुकसान फक्त दोन हजारांचे. यातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. लाखाच्या वर भाव एका रुपयाने हलला, तर आपले येणेही एका रुपयानेच हलते. हा रस्ता घाटाच्या उतारासारखा आहे. हळूहळू चढतो, हळूहळू उतरतो.

आता त्याच सौद्यात सराफाने एक अट घातली असे समजा. "तुम्ही मला दोन हजारांऐवजी दीडच हजार द्या. मात्र या तीन महिन्यांत एकदा जरी भाव पंच्याण्णव हजारांना टेकला, तर आपला सौदा त्याच क्षणी संपला." हा बॅरिअर ऑप्शन. पंच्याण्णव हजार ही त्यातली वेस. भाव एका दुपारी वेशीला टेकून लगेच परतला आणि लग्नाच्या दिवशी एक लाख दहा हजार झाला, तरी आपल्या हाती काही नाही; सौदा त्या दुपारीच मेलेला असतो. याउलट, भाव वेशीला टेकला तरच सौदा जिवंत होईल, अशीही अट असू शकते. अट जितकी कडक, तितकी किंमत कमी. सौदा स्वस्त होतो तो सराफाच्या औदार्यामुळे नव्हे, तर तो मध्येच नाहीसा होण्याची शक्यता आपण पत्करलेली असते म्हणून.

तिसरा प्रकार डिजिटल ऑप्शनचा. या नावाचा संगणकाशी किंवा मोबाईलशी काही संबंध नाही. येणे शून्य किंवा एक, या दोनच अंकांत मिळते म्हणून ते नाव पडले. यालाच बायनरी, म्हणजे द्विमूल्यी, असेही म्हणतात. सराफ म्हणतो, "त्या दिवशी भाव लाखाच्या वर असला तर मी तुम्हांला पाच हजार रुपये देईन, नसला तर काही नाही." भाव एक लाख वीस हजार होवो की एक लाख एक रुपया, मिळणार पाच हजारच. आणि नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव झाला, तर शून्य. येथे उतार नाही, कडा आहे. दोन रुपयांच्या फरकाने पाच हजार येतात किंवा जातात. भाव वर जाण्याची आणि खाली जाण्याची शक्यता सारखीच असेल, तर या हक्काची रास्त किंमत सुमारे अडीच हजार होते, हे शाळकरी मुलालाही सांगता येईल.

बॅरिअर आणि डिजिटल या दोहोंचे मर्म एकच आहे. सगळे काही एका बारीक रेषेवर अवलंबून राहते. साध्या ऑप्शनमध्ये कोणी भाव एका पैशाने ढकलला तर त्याचा लाभ एका पैशाचाच. रेषेच्या सौद्यात मात्र तोच एक पैसा सगळी रक्कम इकडची तिकडे करतो. म्हणून अशा सौद्यात भाव वर जाईल की खाली, यापेक्षाही मोठा प्रश्न हा, की रेषा कोण आखतो आणि भाव रेषेला टेकला की नाही हे कोण ठरवतो. हे ठरवणारा त्रयस्थ असेल तर सौदा कठीण असला तरी प्रामाणिक असू शकतो. ठरवणारा आणि पैसे देणारा एकच असेल, तर सौद्यावर भरवसा ठेवण्यास काही आधारच उरत नाही.

जाणत्या माणसांनाही या रेषा कशा अडचणीत आणतात, याचे एक उदाहरण आपल्या दक्षिणेतलेच आहे. कोइम्बतूरच्या राजश्री शुगर्स या साखर कंपनीने २००७ मध्ये एका मोठ्या बँकेशी डॉलर आणि स्विस फ्रँक यांच्या दरावर ऑप्शनचा करार केला होता. दर अमुक रेषेला टेकला तर एक परिणाम, तमुक रेषेला टेकला तर दुसरा, अशी त्याची रचना होती. पुढे डॉलर घसरत गेला आणि मार्च २००८ मध्ये एका फ्रँकच्याही खाली आला. कंपनीला मोठे देणे लागू झाले, आणि हा करार म्हणजे पैज आहे, तो रद्द समजावा, अशी तिची मद्रास उच्च न्यायालयात भूमिका होती. १८७२ च्या आपल्या करार कायद्याच्या तिसाव्या कलमाप्रमाणे पैजेचा करार निरर्थक असतो. न्यायालयाने ऑक्टोबर २००८ मध्ये ती भूमिका अमान्य केली. त्या सुमारास इतर अनेक निर्यातदारांनीही अशाच करारांत हात पोळून घेतले होते.

या कंपनीपाशी हिशेबनीस होते, वकील होते, समोर परवानाधारक बँक होती, दर साऱ्या जगाला दिसणारा होता, आणि तक्रारीला न्यायालयाचे दार उघडे होते. तरीही रेषेचा अर्थ पुरता उमगेपर्यंत उशीर झाला. म्हणूनच रिझर्व्ह बँकेच्या परकीय चलनाच्या नियमांत साध्या ग्राहकाला आणि जाणकार संस्थेला वेगळे धरले आहे. साध्या ग्राहकाला बँकेने सोपे प्रकारच द्यावेत आणि गुंतागुंतीचे प्रकार दुसऱ्या वर्गापुरते राहावेत, असा त्याचा आशय आहे. जी वस्तू बँकसुद्धा आपल्याला विकू शकत नाही, ती मोबाईलवर शंभर रुपयांत कशी मिळते, हा प्रश्न त्या मुलाच्या मनात कधी आलाच नव्हता.

आता ॲपचा हिशेब. शंभर लावले आणि जिंकलो तर ऐंशी मिळतात. हरलो तर शंभर जातात. एका मिनिटात भाव वर जाईल की खाली, हे नाणेफेकीसारखेच आहे असे धरू. नऊ डावांपैकी पाच जिंकले आणि चार हरले, तर पाच ऐंशी चारशे मिळाले आणि चार शंभर चारशे गेले. म्हणजे नुसते जागच्या जागी राहण्यासाठी नऊपैकी पाच डाव जिंकावे लागतात, आणि नाणे देते नऊपैकी साडेचार. हा अर्धा डाव म्हणजे ॲपवाल्याची कमाई. सरासरीने प्रत्येक शंभर रुपयांमागे दहा रुपये जातात. वरच्या सराफाच्या भाषेत बोलायचे, तर शंभर रुपये देणारा जो हक्क पन्नासाला मिळायला हवा, तो येथे साडेपंचावन्नाला विकला जातो.

मुलगा म्हणाला, "पण काका, मी हरण्यापेक्षा जिंकलो जास्त वेळा. मोजून ठेवले आहे." त्याने खरोखरच एका वहीत नोंद ठेवली होती, आणि ती पाहून आम्हांला त्याचे कौतुकच वाटले. एका संध्याकाळी त्याने दोनशे रुपयांचे नव्वद डाव खेळले. सत्तेचाळीस जिंकले, त्रेचाळीस हरले. आम्ही वहीत खाली बेरीज मांडली. सत्तेचाळीस डावांचे प्रत्येकी एकशे साठ, एकूण सात हजार पाचशे वीस आले. त्रेचाळीस डावांचे प्रत्येकी दोनशे, एकूण आठ हजार सहाशे गेले. जास्त वेळा जिंकूनही एक हजार ऐंशी रुपये कमी झाले होते. तो बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिला. जिंकलेले डाव त्याने मोजले होते, पण रुपये मोजले नव्हते.

आमच्या पिढीच्या वाचकांना यावरून मटक्याची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. मुंबईच्या त्या आकड्यांच्या खेळात एका अंकावर रुपया लावला तर नऊ रुपये मिळत. अंक दहा, म्हणून रास्त येणे दहाचे. रुपयामागे दहा पैसे चालवणाऱ्याचे. म्हणजे कापणी अगदी तेवढीच, शंभराला दहा. फरक आहे तो वेगाचा. मटक्याचा आकडा दिवसातून दोनदा फुटे, उघडणारा आणि बंद होणारा. येथे तो दर मिनिटाला फुटतो. मटक्यात शंभर रुपये लावणाऱ्याचे सरासरीने दहा रुपये जाण्यास अर्धा दिवस लागे. येथे तासाभरात साठ वेळा शंभर लावले, तर सहाशे जातात. तितक्याच धारेची कात्री, पण ती कितीतरी पटींनी जलद चालते.

मटक्याच्या इतिहासात आमच्या मूळ प्रश्नाचेही उत्तर सापडते. आरंभी तो आकडा कोणी मुंबईत काढत नसे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडता आणि बंद भाव तारेने येई आणि त्यावर पैजा लागत. तो भाव मुंबईतल्या कोणाच्याच हाती नव्हता. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून भाव येणे थांबले, आणि मग चिठ्ठ्या मडक्यात टाकून, पुढे पत्ते काढून आकडा ठरू लागला. रेषा आखण्याचे काम दूरच्या बाजाराकडून खेळ चालवणाऱ्याच्या हाती आले. म्हणून तर निदान पत्ते चारचौघांसमोर काढावे लागत. मोबाईलमधल्या मडक्यात हात कोण घालतो, हे मात्र चारचौघांना दिसतच नाही.

आम्ही मुलाला विचारले, "ही जी रेघ हलते आहे, ती कोणत्या बाजारातली?" तो म्हणाला, "सोन्याच्या जागतिक बाजारातली." दिवस रविवारचा होता. जगातील सोन्याचे आणि चलनांचे मोठे बाजार शनिवार-रविवारी बंद असतात. मग ही रेघ कोठून आली? नीट पाहिल्यावर त्या वस्तूच्या नावापुढे 'ओटीसी' ही तीन अक्षरे दिसली. त्यांचा अर्थ एवढाच, की हा भाव कोणत्याही शेअरबाजाराचा नाही, विक्रेत्याने दिलेला आहे. सुटीच्या दिवशी हलणारी रेघ ही ॲप चालवणाऱ्याच्या संगणकाने काढलेली रेघ. तोच भाव काढणार, तोच रेषा ठरवणार, आणि आपण हरलो की पैसे त्याच्याच तिजोरीत जाणार. मान्यताप्राप्त बाजारात समोर दुसरा एखादा ग्राहक असतो. येथे समोर मालकच असतो.

खऱ्या बाजारांनी या धोक्यावर केलेला उपाय येथे सांगण्याजोगा आहे. आपल्या राष्ट्रीय शेअरबाजारात दीर्घ काळ शेअरचा बंद भाव शेवटच्या एका क्षणावरून ठरवला जात नसे. शेवटच्या अर्ध्या तासात झालेल्या सर्व व्यवहारांची भारित सरासरी काढली जाई. कोणी शेवटच्या सेकंदाला भाव ढकलू पाहिला, तरी त्याचा उपयोग फारसा होऊ नये, हाच त्यामागील हेतू. ॲपमध्ये नेमके याच्या उलट असते. तेथे शेवटच्या क्षणाचा, शेवटच्या दशांशाचा भाव हाच सर्वस्व ठरतो. कधी लबाडी होते आणि कधी होत नाही, हे आपण सांगू शकत नाही. पण लबाडी झाली तर ती आपल्याला कधीच दिसणार नाही, अशी त्याची रचनाच आहे. आणि लबाडी मुळीच झाली नाही, तरी शंभराला दहाची कापणी आहेच.

मुलाला कोणीतरी एक युक्ती शिकवली होती. हरलो की पुढच्या डावात दुप्पट लावायचे. कधीतरी जिंकूच, आणि तेव्हा सगळे भरून निघेल. ही युक्ती फार जुनी आहे, आणि समसमान पैज असतानाही ती खिसा रिकामा करते. ऐंशी टक्क्यांच्या येण्यावर तर ती कागदावरसुद्धा टिकत नाही. शंभर हरलो, दोनशे लावले आणि जिंकलो: एकशे साठ मिळाले, साठ उरले. शंभर आणि दोनशे हरलो, चारशे लावून जिंकलो: तीनशे वीस मिळाले, वीस उरले. शंभर, दोनशे, चारशे असे सातशे हरलो, आठशे लावून जिंकलो: मिळाले सहाशे चाळीस. म्हणजे जिंकूनही साठ रुपयांचा तोटा. चौथ्या डावापासून ही युक्ती जिंकणाऱ्यालाही बुडवते. आणि सलग सहा डाव हरणे दुर्मीळ वाटते खरे. पण साठ डाव खेळणाऱ्याच्या वाट्याला ते साधारण तीन संध्याकाळींत एकदा येतेच.

पैसे काढण्याची गोष्ट राहिली होती. मुलाने स्वतःचे दहा हजार भरले होते आणि ॲपने वर पाच हजारांचा बोनस दिला होता. त्या संध्याकाळच्या खेळानंतर शिल्लक तेरा हजार नऊशे वीस होती. त्यातले आठ हजार काढायला गेल्यावर अट पुढे आली, की बोनसच्या चाळीस पट उलाढाल झाल्याशिवाय पैसे निघणार नाहीत. पाच हजारांच्या चाळीस पट म्हणजे दोन लाख. दोन लाखांचे डाव खेळायचे, तर शंभराला दहा या दराने वीस हजार खर्ची पडावेत. शिल्लक तर चौदा हजारही नव्हती. म्हणजे अट पुरी होण्याआधी शिल्लकच संपावी, असा तो बेत. पाच हजारांची ती भेट चौदा हजारांना पडत होती.

हे सारे इतके सरळ असताना लोक फसतात कसे, असे वाचक विचारतील. कारण सल्ला देणारा माणूस आपला वाटतो. युकॉम या इस्रायली कंपनीचे प्रकरण अमेरिकेत गाजले. तिच्या माणसांनी खोटी नावे घेऊन जगभरच्या लोकांना फोन करून बायनरी ऑप्शन विकले. तुमचा फायदा तोच आमचा फायदा, असे ते सांगत. वस्तुतः ग्राहक हरला म्हणजेच कंपनीला लाभ होई. कंपनीची प्रमुख ली एल्बाझ हिला डिसेंबर २०१९ मध्ये मेरिलँडच्या संघीय न्यायालयाने बावीस वर्षांची शिक्षा दिली. खुद्द इस्रायलने २०१७ मध्ये या धंद्यावर बंदी घातली. युरोपीय संघाच्या नियामकाने २०१८ मध्ये, ब्रिटनने २०१९ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये सामान्य ग्राहकांना बायनरी ऑप्शन विकण्यास मनाई केली. ऑस्ट्रेलियाच्या नियामकाने हिशेब तपासले, तेव्हा सुमारे ऐंशी टक्के सामान्य ग्राहक तोट्यात असल्याचे आढळले होते.

आपल्या हैदराबादचे उदाहरण तर याहून बोलके आहे. ऑगस्ट २०२० मध्ये शहर पोलिसांनी 'रंग ओळखा' या जातीच्या ऑनलाइन जुगाराची एक टोळी उघडकीस आणली आणि एका चिनी नागरिकासह काहींना अटक केली. टेलिग्रामवरील गटांतून लोकांना निमंत्रण देऊन बोलावले जाई, संकेतस्थळे सतत बदलत, आणि डाव एवढाच, की पुढचा रंग कोणता येईल. व्यवहार सुमारे अकराशे कोटी रुपयांचा असल्याचे तेव्हा पोलिसांनी सांगितले. त्याच महिन्यात अंमलबजावणी संचालनालयाने बँक खात्यांतील सुमारे सत्तेचाळीस कोटी रुपये गोठवले. आम्हांला या प्रकरणात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट, की बायनरी ॲपवरून सोने आणि डॉलर ही नावे पुसून टाकली, तर उरतो तो हाच खेळ: लाल की हिरवा, एक मिनिट थांबा, आणि रंग काढणारा मालकच.

कायद्याचे म्हणाल, तर रोखे आणि निर्देशांक यांवरचे ऑप्शन आपल्याकडे मान्यताप्राप्त शेअरबाजारातूनच घ्यावयाचे असतात. परकीय चलनाचे व्यवहार रिझर्व्ह बँकेने अधिकृत केलेल्या संस्थांमार्फत आणि अधिकृत मंचांवरच करता येतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अनधिकृत मंचांची सावधयादी प्रथम प्रसिद्ध केली. तिच्यातील चौतीस नावांत बिनोमो, आयक्यू ऑप्शन आणि ऑलिम्प ट्रेड ही नावे होती, आणि पुढे यादी वाढत गेली. यादीत एखादे नाव नसणे म्हणजे त्याला परवानगी आहे असे नव्हे, हेही बँकेने स्पष्ट केले आहे. शिवाय अशा मंचावर चलनाचा व्यवहार करणारा ग्राहक स्वतःही परकीय चलन कायद्याखाली कारवाईस पात्र होऊ शकतो. राजश्री शुगर्सला निदान न्यायालयाचे दार होते. दूर कोठल्या बेटावर नोंदलेल्या कंपनीविरुद्ध काचीगुड्याच्या विद्यार्थ्याला कोणते दार आहे?

घरातल्या वडीलधाऱ्यांना ऑप्शनचे गणित येत नसले, तरी काही खुणा ओळखता येतात. पैसे भरताना यूपीआयवर कंपनीचे नाव न येता कोणा अनोळखी व्यक्तीचे किंवा भलत्याच दुकानाचे नाव येते, आणि दर वेळी ते बदलते. रविवारीही भाव हलत असतो. पैसे काढायला गेले की आधी कर भरा, शुल्क भरा, म्हणजे पैसे सोडू, असे सांगितले जाते. खरा कर कोणी अशा रीतीने आगाऊ मागत नाही, आणि तसे भरलेले पैसेही बुडतात. यांपैकी एक जरी खूण दिसली, तरी आणखी एक रुपयाही न भरता १९३० या क्रमांकावर फोन करावा किंवा cybercrime.gov.in या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पैसे खात्यांतून पुढे सरकत जातात, त्यामुळे पहिल्या काही तासांत केलेली तक्रार उपयोगाची ठरते. व्यवहारांचे क्रमांक आणि पडद्याची चित्रे जपून ठेवावीत, आणि ॲप रागाने पुसून टाकू नये. पुरावा तेथेच असतो. पैसे परत मिळवून देतो म्हणून पुढे जो फोन येतो, तो बहुधा त्याच साखळीतला असतो, हेही लक्षात असू द्यावे.

मुलाने शेवटी विचारले, "काका, मग खऱ्या शेअरबाजारातले ऑप्शन घेऊ का?" आम्ही म्हटले, तेथे निदान भाव खरा असतो आणि पैसे परत मिळतात, पण सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, तीन वर्षांत या विभागात व्यवहार करणाऱ्या दर शंभर व्यक्तींपैकी त्र्याण्णव तोट्यात होत्या. रेषा खरी असली म्हणून आपण तिच्या योग्य बाजूला पडू असे होत नाही.

वहिनींनी चहा घेतला. मुलाने वही पुन्हा उघडली आणि नव्वद डावांच्या शेजारी रुपयांचा एक नवा रकाना आखून मागच्या साऱ्या संध्याकाळींची बेरीज मांडू लागला. ती बेरीज किती झाली हे आम्ही विचारले नाही. जाताना तो एवढेच म्हणाला, "उरलेले पैसे निघणार नसतील तर नाहीत, पण नवे भरणार नाही." वहिनींना त्यातले गणित कळले की नाही, कोण जाणे, पण त्यांनी पायरी उतरताना मागे वळून आमच्याकडे पाहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर येतानाची काळजी नव्हती.